कथा : मधल्या खणातली सुती पिशवी

सांजसावली (धागाकर्ती), रविवार सकाळ

ही कथा मी वर्षभरात तीन वेळा लिहून खोडली आहे. पात्रे काल्पनिक आहेत. कथेतला कागद मात्र मी प्रत्यक्ष हाताळलेल्या कागदांवरून बेतला आहे. कथा कशी वाटली हे तर सांगाच, पण कागदाच्या बाबतीत काही चुकले असेल तर तेही मोकळेपणाने सांगावे, कारण कथेचा सगळा भार त्यावर आहे.

आईचे तेरावे होऊन दीड महिना झाल्यावर दादा म्हणाला, की साताऱ्याचे घर एकदाचे आवरून टाकू. मी रात्रीची गाडी धरून सकाळी पोहोचले तेव्हा तो आधीच आलेला होता. बाहेरच्या खोलीतल्या वेताच्या खुर्चीवर त्याची काळी बॅग होती आणि तिच्यात काय आहे हे मला ठाऊक होते. "फ्लॅट एकट्याच्या नावावर असला की कर्जाचे काम सोपे होते, तुझे तिकडे चांगले चालले आहे, मी वकिलाकडून हक्कसोडपत्राचा मसुदा करून आणतो, तू फक्त सही कर," असे तो फोनवर म्हणाला होता आणि मी "बघू" म्हटले होते. आमच्या घरात बाईमाणसाने "बघू" म्हटले की ते "हो" धरले जाते.

आईच्या लोखंडी कपाटाची किल्ली देव्हाऱ्यात शंखाच्या अडणीखाली असे. ती तिथेच होती. वरच्या खणात नेसत्या साड्या होत्या, काठ विरलेल्या, पण प्रत्येकीची घडी पाटीसारखी सरळ. खालच्या खणात बाबांचे एस. टी. तले वाहकाचे बिल्ले, आमची प्रगतिपुस्तके आणि औषधांच्या चिठ्ठ्या होत्या. मधल्या खणात मामाच्या साड्या होत्या.

मामा दर भाऊबीजेला येई किंवा माणूस पाठवी, आणि साडी आली नाही असे एकही वर्ष गेले नाही, हे आई सगळ्यांना सांगत असे. मी एकेक साडी काढून पलंगावर ठेवू लागले. दुकानाचा कागद तसाच, आत पुठ्ठा तसाच, पदराला लावलेली टाचणी गंजून तिचा तांबूस डाग उमटलेला. बाराव्या-तेराव्या साडीनंतर माझा हात थांबला. एकीचीही घडी मोडलेली नव्हती. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात आईने पेन्सिलीने साल लिहिले होते आणि सर्वांत खालच्या कागदावर १९८८ होते. त्याआधीच्या साड्या वरच्या खणात होत्या, नेसून नेसून मऊ झालेल्या.

"जपून ठेवल्या असतील गं," दादा म्हणाला.

साड्यांच्या मागे, कपाटाच्या पत्र्याला टेकून, एक सुती पिशवी उभी होती. तिच्यात कागदांची एक चळत आणि शाळेची दोनशे पानी वही होती. दादाने कागद घेतले, मी वही घेतली.

त्याच्या हातातला कागद दुय्यम निबंधक कार्यालयातून घेतलेली नक्कल होती. तो मोठ्याने वाचू लागला, कारण लहानपणापासून घरात आलेला कुठलाही सरकारी कागद तोच मोठ्याने वाचत असे. हक्कसोडपत्र, दिनांक २० जुलै १९८८. लिहून घेणार मामा, लिहून देणार आई. कराड तालुक्यातल्या गावची नऊ एकर बागायत, "त्यापैकी माझा अविभक्त हिस्सा, तसेच पुढे मिळणारा हिस्सा, मी राजीखुशीने व अक्कलहुशारीने, काही एक मोबदला न घेता कायमचा सोडून देत आहे. सदर मिळकतीवर माझा अथवा माझ्या वंशवारसांचा कोणताही हक्क राहिलेला नाही." शेवटी आईची सही होती, शाळेतल्या बाईंसारखी एकेक अक्षर सुटे लिहिलेली, आणि शेजारी डाव्या अंगठ्याचा ठसा. नकलेत तो ठसा म्हणजे एक काळा डागच होता, पण त्याच्या मधोमध एक तिरपी पांढरी रेघ दिसत होती. विळीवर फणस कापताना आईचा अंगठा चिरला होता तेव्हा मी सहा वर्षांची होते. ती खूण मी हजार वेळा पाहिली होती.

"आजोबा गेले त्यानंतरचे आहे हे," दादा म्हणाला. "सगळ्याच बहिणी देतात. मामाने आपल्यासाठी जे केले त्याच्यापुढे हे काय?"

मामाने जे केले, ते आमच्या घरातले स्तोत्र होते. दादाला बारावीनंतर विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळाला तेव्हा बाबांच्या पगारात तिथले शुल्क बसणारे नव्हते, आणि मामाने एका शब्दाने बावीस हजार रुपये आणून दिले, ही गोष्ट दादाच्या मुंजीइतकीच आम्हांला पाठ होती. दादा नोकरीला लागला तेव्हा पहिल्या पगाराचे धोतर मामाला गेले. दादाच्या लग्नात मानाचा पहिला फेटा मामाला होता. आईच दर वेळी आठवण करून देई : "मामा नसता तर?"

मी वही उघडली होती. ती दूध, किराणा आणि विजेच्या बिलांची वही होती, पण मध्ये एका पानावर आईने वेगळ्या शाईने लिहिले होते :

"२० जुलै. कराडला सही केली. ४० गुंठे. भाऊ २२,०००. २५ जुलै. ड्राफ्ट काढला. यांना सांगितले, भावाने दिले."

दादाला ते पान मी वाचून दाखवले नाही. वहीच त्याच्या हातात दिली. तो बराच वेळ उभा राहिला, मग पलंगावर साड्या बाजूला न सारता तसाच बसला.

"म्हणजे ते पैसे…" तो म्हणाला आणि पुढे बोलला नाही.

आणखी चार वर्षांची पाने उलटल्यावर माझे नाव आले. मला पुण्याला शिकायला जायचे होते, वसतिगृहाचा अर्जही आणला होता. आई तेव्हा म्हणाली होती, की मामाकडे किती वेळा हात पसरायचा, तू इथेच बी. ए. कर. तो राग मी तीस वर्षे जपला होता. वहीत जून १९९२ च्या दुधाच्या हिशेबाखाली एवढेच होते : "बाळीचे वसतिगृह जमत नाही. आता सोडायला काही नाही."

दुपारी आम्ही भात टाकला आणि शेजारच्या काकूंनी दिलेली आमटी गरम केली. जेवताना कोणी बोलले नाही. हात धुऊन झाल्यावर दादा बाहेरच्या खोलीत गेला. बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला. मी दारात जाऊन उभी राहिले. त्याच्या हातात त्याचा मसुदा होता, स्वच्छ छापलेला, आणि तो माझ्याकडे न पाहता वाचत होता.

"वाच ना मोठ्याने," मी म्हटले.

"लिहून देणार," त्याने वाचले आणि माझे नाव घेतले. "राजीखुशीने व…" तो तिथे थांबला. मग कागद दुमडून म्हणाला, "आज नको."

आज नको म्हणजे उद्या, की कधीच नाही, ते मी विचारले नाही. मी आत येऊन सर्वांत खालची साडी उचलली आणि टाचणी काढली. कागदातून बाहेर येताच ती घडीघडीवर फाटत गेली.

---

पिंपळपार, रविवार दुपार

कथा मनापासून आवडली, विशेषतः जून १९९२ ची ती एक ओळ. पण कथेच्या मुळाशी मला एक अडचण दिसते. १९८८ साली मुलींना वडिलोपार्जित जमिनीत हक्कच नव्हता. तो महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने आणि देशभर २००५ च्या कायद्याने मिळाला. मग आईने सोडले काय? जे नव्हतेच ते सोडल्याची सही करून तिला बावीस हजार मिळाले असतील, तर मामाचे उपकार खरेच ठरतात आणि दादाचे स्तोत्रही खोटे ठरत नाही. हा मुद्दा लक्षात घेतला तर कथा उलटी फिरते, असे मला नम्रपणे वाटते.

---

जुने दफ्तर, रविवार संध्याकाळ

माझी नोकरी महसूल खात्यात झाली आणि वारसनोंदींच्या वर्द्या मी शेकड्यांनी हाताळल्या, म्हणून पिंपळपार यांच्या मुद्द्याला उत्तर देतो. त्यांचे अर्धे म्हणणे बरोबर आहे. मुलीला जन्मतः, भावाच्या बरोबरीने हक्क नव्हता. पण वडील मृत्युपत्र न करता वारले तर त्यांच्या स्वतःच्या वाट्यात मुलगी १९५६ च्या कायद्यापासून वारस होती. गावोगाव "मुलीला काही नसते" असे सांगितले गेले आणि ते मुलींनीही खरे मानले.

कथेतलाच हिशेब करून पाहा. नऊ एकर वडिलोपार्जित, आजोबा वारले, मागे आजी, मामा आणि आई. आजोबांच्या मृत्यूच्या क्षणी वाटप झाले असे कायदा धरून चालतो. आपल्याकडच्या परंपरेप्रमाणे त्या वाटपात बायकोलाही मुलाइतका वाटा असतो. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानेही महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात तसेच धरले. म्हणजे आजोबा, आजी आणि मामा यांचे तीन-तीन एकर. आता आजोबांचे तीन एकर त्यांच्या तीन वारसांत जातात, प्रत्येकी एक. आईचा वाटा एक एकर, म्हणजे बरोबर चाळीस गुंठे. वहीत आईने "४० गुंठे" लिहिले आहे हे वाचल्यावर मी उठून कागदावर पुन्हा मांडणी केली. धागाकर्तीने हे जाणून लिहिले असेल तर नमस्कार, आणि नकळत आले असेल तरी आईला कोणीतरी नीट सांगितले होते असाच त्याचा अर्थ होतो. आपल्याला काय आहे हे तिला माहीत होते.

दुसरी गोष्ट. दस्तात "काही एक मोबदला न घेता" आणि वहीत बावीस हजार, ही विसंगती नसून नेहमीचा व्यवहार आहे. मोबदला लिहिला की मुद्रांक वाढतो आणि भावाने बहिणीची जमीन विकत घेतली असे गावात होते. विनामोबदला लिहिले की बहिणीने मायेने सोडली असे होते. पैसे टेबलाखालून जातात आणि कागदावर माया उरते.

माझा एकच प्रश्न आहे. नोंदवलेला मूळ दस्त लिहून घेणाऱ्याकडे, म्हणजे मामाकडे असतो. आईकडे नक्कल आहे, हे तुम्ही बरोबर लिहिले आहे. पण ती तिने कधी काढली?

---

रेशीमघडी, रविवार रात्र

मला कायद्यातले कळत नाही, पण शेवटचे वाक्य वाचून जीव हळहळला, कारण माझ्या सासूबाईंच्या चार पैठण्या अशाच गेल्या. कुणाच्या घरी आत्ता अशी कपाटे उघडायची असतील तर कृपा करून साडी झटकन उलगडू नका. वर्षानुवर्षे एकाच घडीवर राहिलेले रेशीम त्या रेघेवर ठिसूळ झालेले असते आणि स्वतःच्या वजनानेच चिरते. साडी पलंगावर आडवी ठेवून, खाली हात घालून, एकेक पदर सोडवावा. सावलीत अर्धा दिवस वारा लागू द्यावा, आणि नवी घडी जुन्या रेघेवर न घालता थोडी सरकवून घालावी. खळ काढून धुतलेल्या मलमलीत गुंडाळावी. खळ राहिली की कसर येते. डांबराची गोळी जरीला टेकू देऊ नये, जर काळी पडते.

कथेतल्या बाकीच्या साड्यांचे त्या भावंडांनी काय केले, हे लिहायचे राहिले आहे का? मला ते जाणून घ्यायचे आहे.

---

सांजसावली, सोमवार सकाळ

रेशीमघडी, बाकीच्या साड्यांचे काय झाले ते मला अजून दिसलेले नाही, म्हणून लिहिले नाही. तुमचा प्रतिसाद वाचल्यावर मात्र कळले, की आईने वरच्या खणातल्या साड्यांच्या घड्या वेळोवेळी बदलल्या असणार, म्हणून त्या टिकल्या; आणि मामाच्या साड्यांना तिने हातच लावला नाही. हे मला लिहिताना जाणवले नव्हते.

जुने दफ्तर, चाळीस गुंठ्यांचा हिशेब मी एका परिचित वकिलांकडून समजून घेतला होता, त्यामुळे ते नकळत आलेले नाही. नकलेचा प्रश्न तुम्ही विचाराल असे वाटले नव्हते. पहिल्या खर्ड्यात नकलेवर तारीख होती, डिसेंबर २००५. बाबा त्याआधीच वारलेले होते, म्हणजे आई एकटीच सातारा-कराड गाडीत बसून गेली, अर्ज केला, शुल्क भरले आणि नक्कल घेऊन आली. हा भाग मी काढून टाकला, कारण ती कशासाठी गेली हे मलाच ठरवता येत नव्हते.

---

कृष्णाकाठ, सोमवार दुपार

मी कथेतल्या मामाच्या बाजूचा माणूस आहे, म्हणून थोडे बोलतो. माझ्या वडिलांना दोन बहिणी. दोघींनी हक्क सोडला, तोही नोंदणीकृत दस्ताने नव्हे, तर तलाठ्यासमोर जबाब देऊन, आणि पुढे फेरफार मंजूर झाला. त्यानंतर आजी अकरा वर्षे अंथरुणावर होती, ती आमच्या आईने काढली. विहीर दोनदा खोल केली, सोसायटीचे कर्ज वडिलांच्या डोक्यावर राहिले. आत्या सुट्टीला आल्या की त्यांची पोरे महिनाभर आमच्याकडे असत आणि कुणी तोंड वाकडे केले नाही. बहिणीने सोडले तेवढेच मोजायचे आणि भावाने ओढले ते मोजायचे नाही, हे मला पटत नाही. या कथेतला मामा एकदाही समोर येत नाही. त्याने त्या साली बावीस हजार कुठून उभे केले? कदाचित त्यानेही काहीतरी गहाण टाकले असेल. त्याच्या बायकोच्या कपाटातही एखादी पिशवी असू शकेल.

तरीही एक कबूल करतो. थोरल्या आत्या गेल्यावर त्यांच्या मुलाने मला विचारले, की आईने सही केली तेव्हा तिला वाचून दाखवले होते का. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. मला आठवते ते एवढेच, की तलाठी अण्णा आमच्या ओसरीवर चहा पीत होते आणि आत्या स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या. वाचून दाखवल्याचे मला आठवत नाही.

---

माहेरची वाट, सोमवार संध्याकाळ

कृष्णाकाठ यांचा प्रतिसाद वाचून मी आज लिहायचे ठरवले. माझी आई हयात आहे, वय ८१. दोन वर्षांपूर्वी तिच्या पलंगाखालची पेटी आवरताना मला तलाठी कार्यालयाची एक जुनी नोटीस सापडली. फेरफाराला हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे अशी. खाली पोच म्हणून तिची सही होती. मी विचारले तर तिने ती माझ्या हातून घेऊन परत पेटीत ठेवली. जुने दफ्तर यांना विचारायचे आहे, की त्या नोटिशीवर सही असली म्हणजे आईचा हक्क गेला का? आणि २००५ च्या कायद्याने तो परत येतो का? माझे मामा आता नाहीत, मामेभाऊ जमीन विकायला काढत आहेत असे कानावर आहे.

---

जुने दफ्तर, सोमवार रात्र

माहेरची वाट, नोटिशीची पोच म्हणजे नोटीस मिळाली एवढाच पुरावा. जमिनीतला हक्क सोडायचा तर नोंदणीकृत दस्त लागतो; नुसता जबाब आणि त्यावरचा फेरफार हा महसुली नोंदीपुरता असतो, त्याने मालकी जात नाही. कृष्णाकाठ यांच्या आत्यांच्या बाबतीतही मला हेच म्हणावे लागेल, त्यांना ते आवडणार नाही. मात्र तीस-चाळीस वर्षे कोणी काहीच बोलले नाही, मध्ये जमीन विकली गेली, तर मुदतीचे आणि इतर प्रश्न उभे राहतात, ते कागद पाहिल्याशिवाय कोणीही सांगू नये. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून त्या फेरफाराची नक्कल काढा. सातबारावर आईचे नाव "इतर हक्क" रकान्यात राहिले आहे का ते पाहा; पुष्कळ ठिकाणी बहिणींची नावे वरून कमी करून तिथे ढकललेली असतात आणि लोक ती वाचतच नाहीत. जमीन विक्रीला निघाली असेल तर ही दोन कामे याच आठवड्यात करा, आणि ती घेऊन दिवाणी वकिलांकडे जा.

आता कथेकडे. डिसेंबर २००५ हे वाचून मी थांबलो. नवा कायदा ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाला. त्या दिवाळीत आमच्या कार्यालयाबाहेर साठी-सत्तरीच्या बायका उभ्या असत, काही मुलींबरोबर, काही एकट्या. त्याच कायद्यात असेही आहे, की २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेले व्यवहार तसेच राहतील. कथेतला दस्त १९८८ चा, नोंदवलेला. तेव्हा तिथे कुणीतरी तिला सांगितले असणार, की आजी, याचे आता काही होत नाही. म्हणून मला वाटते, की २००५ नंतरचे तिचे गप्प राहणे हा त्याग म्हणता येणार नाही. तिने विचारून पाहिले होते आणि उत्तर नकारार्थी आले होते. तो भाग काढू नका, अशी माझी विनंती आहे.

आणखी एक गोष्ट सांगायला नको होती, पण सांगतो. दस्तात "पुढे मिळणारा हिस्सा" असेही शब्द आहेत. १९८८ मध्ये आजी हयात होती आणि वरच्या हिशेबाने चार एकर तिचे होते. जिवंत माणसाकडून पुढे कधीतरी मिळेल अशा वारशाची केवळ आशा हस्तांतरित करता येत नाही, हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातच आहे. आजी मृत्युपत्र न करता गेली असेल तर त्या चार एकरांतले दोन आईचे. ते तिने सोडलेलेच नव्हते, कारण सोडण्यासारखे तेव्हा तिच्या हातात आलेच नव्हते. आता अडचण पाहा. त्या आशेपोटी तिने पैसे घेतले होते असे सिद्ध झाले तर न्यायालय म्हणू शकते, की पैसे घेऊन आता शब्द फिरवता येणार नाही. दस्त म्हणतो पैसे घेतले नाहीत. पैसे घेतल्याचा पुरावा एकच, ती वही.

---

पिंपळपार, मंगळवार सकाळ

माझे चुकले होते, हे मान्य करतो. एक एकराचा तो हिशेब मी दोनदा वाचला. कृष्णाकाठ यांचा मुद्दा मात्र मला अजूनही महत्त्वाचा वाटतो, आणि आई "मामा नसता तर" असे आयुष्यभर का म्हणत राहिली, याचे उत्तर कथेने दिलेले नाही. भावाची अब्रू राखायला, की मुलाला आपल्या ओझ्याखाली वाढवायचे नाही म्हणून?

---

सांजसावली, मंगळवार रात्र

जुने दफ्तर, दोन एकरांची गोष्ट वाचून काल रात्री झोप लागली नाही. माझ्या कथेत आजी १९९७ साली जाते, हे माझ्या टिपणात आहे. म्हणजे आईने "आता सोडायला काही नाही" असे १९९२ मध्ये लिहिले ते तेव्हा खरे होते आणि पाच वर्षांनी खोटे झाले, आणि हे तिला कोणी सांगितले नाही. ती नक्कल काढायला गेली तेव्हाही बहुधा कोणी सांगितले नसणार, कारण तिने विचारले असेल ते १९८८ च्या दस्ताविषयी. हे मी कथेत आणणार नाही. ते आणले तर ती दोन भावंडे मामाच्या दारात उभी राहतील, आणि जाताना आईची वही घरी लपवून ठेवतील. मला त्यांच्या हातून ते करवत नाही.

डिसेंबर २००५ मात्र परत घालते आहे. दादा नक्कल वाचताना मागची तारीख वाचेल आणि म्हणेल, "ही तर मी तिला मोबाइल घेऊन दिला त्या वर्षीची." एवढेच.

पिंपळपार, "मामा नसता तर" याचे उत्तर मला तुमच्या दोन्ही पर्यायांत सापडत नाही. तिने साड्या नेसल्या नाहीत, पण दर वर्षी घेतल्या आणि त्यावर साल लिहिले. माहेराची वाट चालू ठेवायची होती, पण आपण काय दिले याची नोंद मिटू द्यायची नव्हती, असे काहीतरी असावे. कृष्णाकाठ, मामीच्या कपाटाचा विचार मी खरोखर केला नव्हता. तो करते आहे.

---

माहेरची वाट, गुरुवार संध्याकाळ

फेरफाराच्या नकलेचा अर्ज काल दिला. आज धीर करून आईला दूरध्वनीवर विचारले, की त्या नोटिशीवर सही केलीस तेव्हा बदल्यात काही मिळाले होते का. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तुझ्या बाळंतपणाला मी तीन महिने तुझ्याकडे राहिले, तेव्हा इकडे घरात कोण होते?" मला आठवत होते, मामी येऊन राहिली होती. मी म्हटले, "त्यासाठी?" ती म्हणाली, "पेटी तू उघडू नकोस. रविवारी ये, मी काढून देते."